विश्लेषण : टोकनची उलाढाल लाखोंची, पण खरेदीदार एकही नाही... हे कसे शक्य होते?

छोट्या क्रिप्टो टोकनच्या जाहिरातीत सर्वात मोठ्या अक्षरांत एकच आकडा झळकतो, तो म्हणजे २४ तासांतील उलाढाल. हा आकडा घरबसल्या, जवळपास फुकटात तयार करता येतो. अमेरिकेच्या तपास यंत्रणेने २०२४ मध्ये स्वतःच एक टोकन काढून हा धंदा उघडा पाडला. उलाढाल फुगवतात कशी, भाव चढवून माल ‘ओततात’ कसा आणि मोबाइलच्या पडद्यावर ते ओळखायचे कसे, याविषयी...

उलाढालीच्या आकड्याला एवढे महत्त्व का?

मुंबईला नोकरीसाठी जाणारा कर्जत-खोपोली लोकलचा प्रवासी असो किंवा जमीन विकून हाती रक्कम आलेले खालापूर तालुक्यातील कुटुंब असो, टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवरून येणारी टोकनची जाहिरात सर्वांपर्यंत सारखीच पोहोचते. तिच्यात सहसा तीन गोष्टी असतात. भाव किती पट वाढला, आज किती लाखांची उलाढाल झाली आणि ‘लवकर घ्या’ हा आग्रह.

यातील भाववाढीवर माणूस पटकन विश्वास ठेवत नाही. उलाढालीचा आकडा मात्र त्याला पटतो. एवढे लोक घेत आहेत आणि विकत आहेत, म्हणजे आपल्यालाही हवे तेव्हा विकून बाहेर पडता येईल, असा त्याचा हिशेब असतो. शेअर बाजारातील सवयीमुळे हा हिशेब स्वाभाविकही वाटतो. फसवणूक नेमकी इथे सुरू होते, कारण उलाढाल म्हणजे झालेल्या सर्व व्यवहारांच्या रकमांची बेरीज. त्या व्यवहारांत घेणारा आणि देणारा वेगळे होते की एकच, हे ती बेरीज सांगत नाही.

वॉश ट्रेडिंग म्हणजे नेमके काय?

स्वतःचीच वस्तू स्वतःलाच विकून व्यवहार झाल्याचे दाखवणे म्हणजे वॉश ट्रेडिंग. माल आणि पैसा या खिशातून त्या खिशात जातो. मालकी बदलत नाही आणि नफा-तोटाही होत नाही. फक्त व्यवहाराची नोंद तयार होते.

ही युक्ती जमिनीच्या व्यवहाराशी ताडून पाहिली की लवकर समजते. समजा, कर्जत तालुक्यातील एका जमीनमालकाला आपल्या भागातील भाव चढला आहे, असे दाखवायचे आहे. तो एक एकर जमीन मेहुण्याला ४० लाखांना विकतो आणि मेहुणा ती चुलतभावाला ५० लाखांना विकतो. पैसे घरातल्या घरातच फिरतात. मात्र प्रत्येक फेरीला दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवावा लागतो, ओळखपत्रे द्यावी लागतात आणि सातबाऱ्यावर फेरफार होतो. मुद्रांक आणि नोंदणी शुल्कापोटी दर वेळी लाखाहून अधिक रक्कम सरकारजमा होते, ती वेगळीच. त्यामुळे असा खेळ फार तर एक-दोनदा खेळता येतो आणि खेळणाऱ्यांची नावे कागदावर राहतात.

टोकनच्या बाबतीत हे दोन्ही अडथळे नाहीत. क्रिप्टो पाकीट, म्हणजेच वॉलेट, मोबाइलवर अर्ध्या मिनिटात तयार होते. त्यासाठी नाव द्यावे लागत नाही आणि एका माणसाने किती पाकिटे काढावीत यालाही मर्यादा नाही. ३० पाकिटे काढून त्यांच्यात दिवसभर खरेदी-विक्री करत राहण्याचे काम छोटा संगणकीय प्रोग्रॅम, म्हणजे बॉट, करतो.

या बनावट उलाढालीला खर्च किती येतो?

छोटी टोकन बहुतेक वेळा मोठ्या एक्स्चेंजवर नसतात. त्यांचे व्यवहार विकेंद्रित बाजारात, ‘लिक्विडिटी पूल’मधून होतात. हा पूल म्हणजे एक सामाईक हौद समजावा. त्यात एका बाजूला टोकन आणि दुसऱ्या बाजूला डॉलरशी भाव जोडलेले युएसडीटीसारखे नाणे ठेवलेले असते. टोकन घेणारा हौदात पैसे टाकतो आणि टोकन काढतो. विकणारा याच्या उलट करतो. हौदात पैसे किती आणि टोकन किती, या प्रमाणावरून भाव आपोआप ठरतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ आणि सोयीसाठी हिशेब रुपयांत करू. एका टोळीने एक कोटी टोकन तयार केले. त्यातले १० लाख टोकन आणि स्वतःचे एक लाख रुपये तिने हौदात ठेवले. एका टोकनचा भाव झाला १० पैसे. उरलेले ९० लाख टोकन टोळीच्याच पाकिटांत आहेत.

आता बॉट कामाला लागतो. एका पाकिटातून एक हजार रुपयांची खरेदी आणि थोड्या वेळाने दुसऱ्या पाकिटातून तेवढीच विक्री, अशा ५०० फेऱ्या दिवसभरात होतात. व्यवहार झाले एक हजार, म्हणजे साधारण दीड मिनिटाला एक. उलाढाल झाली १० लाख रुपये. यासाठी हातात काही हजार रुपये असले तरी पुरते, कारण तेच पैसे पुन्हा पुन्हा फिरतात.

अशा बाजारात प्रत्येक व्यवहारावर साधारण ०.३ टक्के शुल्क कापले जाते. १० लाखांवर ते तीन हजार रुपये होते. पण हे शुल्क मिळते कुणाला? ज्याने हौदात पैसे आणि टोकन ठेवले, त्याला. म्हणजे पुन्हा त्याच टोळीला. खरा खर्च उरतो तो ब्लॉकचेनच्या जाळ्याला द्यायच्या फीचा. इथेरियमच्या मुख्य जाळ्यावर ही फी कधीकधी जड जाते. म्हणूनच अशी बरीच टोकन एका व्यवहाराला काही पैसे किंवा एखाद-दोन रुपये लागतील अशा स्वस्त जाळ्यांवर काढली जातात.

थोडक्यात, हौदात बाहेरच्या माणसाचा एक रुपयाही आलेला नसताना पडद्यावर ‘आजची उलाढाल १० लाख’ असे दिसू लागते.

मोठ्या एक्स्चेंजवर असे होत नाही का?

तिथेही झाले आहे, फक्त पद्धत वेगळी असते. एक्स्चेंजवर खरेदी आणि विक्रीच्या मागण्यांची यादी असते. बॉट एकाच भावाला आणि एकाच संख्येला दोन्ही बाजूंनी मागणी नोंदवतो आणि ती एकमेकांत जुळवतो. काही वेळा एक्स्चेंजलाच त्यात रस असतो. उलाढालीनुसार एक्स्चेंजचे क्रमांक लावणाऱ्या संकेतस्थळांवर वरचे स्थान मिळाले, की नवी टोकन नोंदणीसाठी येतात आणि नोंदणीचे शुल्क मिळते.

मार्च २०१९ मध्ये ‘बिटवाइज’ या कंपनीने अमेरिकेच्या रोखे आयोगाला सादर केलेल्या अभ्यासात, त्या वेळी जाहीर होणाऱ्या बिटकॉइनच्या उलाढालीपैकी सुमारे ९५ टक्के बनावट किंवा आर्थिक अर्थ नसलेली असल्याचे म्हटले होते. तपासलेल्या ८१ पैकी फक्त १० एक्स्चेंजची उलाढाल त्यांना खरी वाटली. बिटकॉइनसारख्या सर्वात मोठ्या नाण्याची ही गोष्ट असेल, तर ज्याचे नाव काल कुणी ऐकले नव्हते अशा टोकनच्या आकड्याकडे कसे पाहायचे, हे वेगळे सांगायला नको.

अमेरिकेच्या एफबीआयने स्वतःचे टोकन का काढले?

उलाढाल फुगवून देणे हा उघडपणे चालणारा सेवा व्यवसाय झाला होता. त्याला गोंडस नाव होते ‘मार्केट मेकिंग’. खऱ्या मार्केट मेकरचे काम कायदेशीर आणि उपयोगाचे असते. तो खरेदी आणि विक्री दोन्हींसाठी सतत भाव देतो, त्यामुळे येणाऱ्याला व्यवहार करता येतो. बनावट मार्केट मेकर मात्र स्वतःशीच व्यवहार करतो.

हे सिद्ध करण्यासाठी एफबीआयने इथेरियमवर ‘नेक्सफंडएआय’ नावाचे टोकन आणि त्याच नावाची दिखाऊ कंपनी उभी केली. कंपनीच्या वतीने बोलणाऱ्यांनी बाजारातील काही मार्केट मेकर कंपन्यांना गाठले. आमच्या टोकनला उलाढाल हवी आहे, काय कराल, अशी विचारणा केली. कंपन्यांनी आपली पद्धत समजावून सांगितली, दर सांगितले आणि कामही सुरू केले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी वकिलांनी १८ व्यक्ती आणि कंपन्यांवर आरोप ठेवल्याचे जाहीर केले. अडीच कोटी डॉलरहून अधिक किमतीची क्रिप्टो मालमत्ता जप्त झाली आणि अनेक बॉट बंद पाडण्यात आले.

या प्रकरणातील ‘गॉटबिट’ या कंपनीची कागदपत्रे बोलकी आहेत. सरकारी पक्षाच्या म्हणण्यानुसार, कंपनी ग्राहकांसाठी चक्क तक्ते ठेवत असे. त्यात आपण तयार केलेली उलाढाल आणि बाजारातील नैसर्गिक उलाढाल असे दोन वेगळे रकाने होते. व्यवहार सार्वजनिक ब्लॉकचेनवर दिसतात, म्हणून अनेक खाती वापरून ते एकाच हातचे वाटू नयेत याची काळजी कशी घेतली जाते, हेही ग्राहकांना समजावले जात असे. कंपनीचा संस्थापक अलेक्सेई अँड्रियुनिन याने तर २०१९ मधील एका मुलाखतीतच ही पद्धत सांगितली होती. आधी बनावट उलाढाल दाखवून टोकन क्रमवारीच्या संकेतस्थळावर आणायचे आणि त्या आधारे मोठ्या एक्स्चेंजवर चढवायचे, असा तो मार्ग होता. त्याने मार्च २०२५ मध्ये गुन्हा कबूल केला. त्याला आठ महिन्यांची शिक्षा झाली आणि सुमारे २.३ कोटी डॉलरची क्रिप्टो मालमत्ता सोडून द्यावी लागली. नेक्सफंडएआयचे काम घेणाऱ्या ‘सीएलएस ग्लोबल’ या संयुक्त अरब अमिरातीतील कंपनीनेही जानेवारी २०२५ मध्ये गुन्हा कबूल केला.

याच कारवाईत ‘सैतामा’ या टोकनच्या प्रवर्तकांवरही आरोप ठेवले गेले. या टोकनचे पडद्यावरचे बाजारमूल्य एके काळी ७५० कोटी डॉलर होते. म्हणजे ही युक्ती केवळ चिल्लर टोकनपुरती राहिली नव्हती.

‘पंप’ आणि ‘डंप’ यांचे गणित कसे असते?

बनावट उलाढाल हे आमिष असते. त्यातून थेट कमाई होत नाही. कमाई होते ती पुढच्या टप्प्यात. आपल्या उदाहरणातल्या हौदाकडे परत जाऊ. त्यात एक लाख रुपये आणि १० लाख टोकन आहेत. सोपे व्हावे म्हणून शुल्क बाजूला ठेवू.

उलाढालीचा आकडा पाहून १०० माणसे येतात आणि एकामागून एक प्रत्येकी दोन हजार रुपयांचे टोकन घेतात. हौदात दोन लाख रुपयांची भर पडते. या बाजाराचा साधा नियम असा, की हौदातील रुपये आणि टोकन यांचा गुणाकार कायम राहतो. सुरुवातीला तो १० लाख गुणिले एक लाख होता. आता रुपये तिप्पट, म्हणजे तीन लाख झाले, म्हणून टोकन एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ३ लाख ३३ हजार उरतात. भाव होतो ९० पैसे. १० पैशांवरून थेट नऊ पट. हा झाला ‘पंप’.

आता पडद्यावर काय दिसते ते पाहा. एक कोटी टोकन गुणिले ९० पैसे, म्हणजे बाजारमूल्य ९० लाख रुपये. प्रत्यक्षात हौदात पैसे आहेत फक्त तीन लाख आणि त्यातलेही एक लाख टोळीचे स्वतःचे. बाजारमूल्याचे ९० लाख कुठेच नाहीत. तो केवळ एक गुणाकार आहे.

सर्वात आधी दोन हजार गुंतवणाऱ्याला सुमारे १९,६०० टोकन मिळालेले असतात. या क्षणी त्याने ते विकले, तर त्याच्या हाती साधारण १६,६०० रुपये येतील. असा एखादा माणूस खरोखर असतो. बऱ्याचदा तो टोळीतलाच असतो आणि त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरतो. स्क्रीनशॉट खरा असतो, म्हणून तो अधिक घातक.

मग टोळी आपल्याकडील ९० लाखांपैकी फक्त १० लाख टोकन हौदात ओतते. हौदात टोकन होतात १३ लाख ३३ हजार आणि गुणाकाराच्या नियमाने रुपये उरतात ७५ हजार. टोळीने एका झटक्यात २ लाख २५ हजार रुपये काढून घेतले. भाव आला साडेपाच पैशांच्या थोडा वर. हा झाला ‘डंप’. काही सेकंदांचे काम.

आता समजा, आपल्या १०० जणांनी घाबरून सगळे टोकन विकले. त्या सर्वांना मिळून २५ हजार रुपये मिळतील. गेले होते दोन लाख. सर्वात शेवटी दोन हजार गुंतवणाऱ्याला सुमारे २,२०० टोकन मिळाले होते. डंप होताच त्यांची किंमत सव्वाशे रुपयांच्या आसपास उरते. हौदात राहिलेले ५० हजारही टोळीचेच, कारण हौद तिचा आहे. एक लाख घालून तिने पावणेतीन लाख बाहेर काढले. नफा पावणेदोन लाख आणि १०० जणांचा तोटाही बरोबर पावणेदोन लाख. यात कुठेही नवी संपत्ती तयार झालेली नाही.

महाराष्ट्राला याचा अनुभव आहे का?

टोकनचा दाखवलेला भाव आणि विकताना मिळणारा पैसा यांतील दरी महाराष्ट्राने ‘गेनबिटकॉइन’ प्रकरणात पाहिली आहे. अमित भारद्वाज याच्या या योजनेत बिटकॉइन गुंतवणाऱ्यांना १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचे आश्वासन होते. पुण्यात निगडी आणि दत्तवाडी पोलीस ठाण्यांत गुन्हे दाखल झाले आणि एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने देशभरातील गुन्ह्यांचा तपास सीबीआयकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ६० हून अधिक ठिकाणी झडत्या झाल्या.

तपास यंत्रणांचा मुख्य आरोप पॉन्झी योजनेचा आहे. पण त्यातला एक टप्पा आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. नवे गुंतवणूकदार कमी होऊ लागले, तेव्हा परतावा बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ या घरच्याच टोकनमध्ये देणे सुरू झाले. सीबीआयच्या म्हणण्यानुसार, या टोकनची किंमत बिटकॉइनच्या तुलनेत खूपच कमी होती. कागदावर परतावा मिळाल्याची नोंद झाली, पण तो वटवायला बाजारात पुरेसे खरेदीदार नव्हते. ज्याच्याकडून येणे आहे, त्यानेच टोकन काढायचे आणि त्याचा भावही त्यानेच सांगायचा, अशी ही रचना होती.

शेअर बाजारातील पंप-डंपपेक्षा हे वेगळे कसे?

युक्ती तीच आहे, वेगळा आहे तो माग. ‘साधना ब्रॉडकास्ट’ या छोट्या कंपनीबाबत जुलै २०२२ मध्ये यूट्यूबवर खोटी माहिती देणारे व्हिडीओ आले, भाव आणि उलाढाल चढली आणि काहींनी चढ्या भावात शेअर विकले. सेबीने मार्च २०२३ मध्ये अंतरिम आदेश काढून संबंधितांवर बंदी घातली आणि त्यांचा नफा रोखून धरला. हे शक्य झाले, कारण शेअरच्या प्रत्येक व्यवहारामागे पॅन, डीमॅट खाते आणि बँक खाते असते. शिवाय बनावट व्यवहारांना मनाई करणारे सेबीचे नियम २००३ पासून आहेत.

क्रिप्टो टोकन सेबीच्या या नियमांखाली येत नाहीत. भारतात सेवा देणाऱ्या क्रिप्टो कंपन्यांना मार्च २०२३ पासून मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा लागू आहे आणि त्यांना वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते. पण त्या कायद्याचा रोख काळ्या पैशावर आहे, उलाढाल खरी की खोटी यावर नाही. फसवणुकीचा सर्वसाधारण गुन्हा नक्कीच लागू होतो. मात्र निनावी पाकिटामागचा माणूस शोधण्याचे काम पोलिसांवर येते.

करव्यवस्थेचा एक परिणाम इथे लक्षात घेण्यासारखा आहे. जुलै २०२२ पासून भारतीय एक्स्चेंजवर टोकनच्या विक्रीवर साधारणपणे एक टक्का टीडीएस कापला जातो. त्यामुळे तिथे दिवसभर स्वतःशीच व्यवहार करणाऱ्याचे पैसे कापणीतच अडकून पडतात. जमिनीच्या मुद्रांक शुल्कासारखाच हा अडथळा आहे. निनावी हौदांवर मात्र कापून घेणारा मध्यस्थच नसतो. ‘भारतीय ॲप नको, हे वेगळे वॉलेट उतरवा’ असे ग्रुपवर सांगितले जाते, त्यामागचे एक कारण हेही आहे.

बनावट उलाढाल ओळखायची कशी?

सर्वात आधी उलाढाल सोडून हौदातील रक्कम पाहावी. टोकनची माहिती देणाऱ्या संकेतस्थळांवर ती ‘लिक्विडिटी’ या नावाने दिसते. यातही एक मेख आहे. बरीच संकेतस्थळे टोकनची बाजू आणि पैशांची बाजू मिळून आकडा दाखवतात. आपल्या उदाहरणात पंपनंतर लिक्विडिटी सहा लाख दिसेल, पण खरे पैसे त्याच्या निम्मे, म्हणजे तीन लाखच असतील. हौद एक लाखाचा आणि दिवसाची उलाढाल १० लाखांची, हे प्रमाण संशयास्पद आहे. एखाद्या दिवशी खऱ्या गर्दीमुळेही असे होऊ शकते, पण दिवसेंदिवस तसेच चालू राहिले तर शंका पक्की होते.

दुसरी गोष्ट म्हणजे व्यवहारांची यादी. ती कुणालाही पाहता येते. माणसे गोल आकड्यांत व्यवहार करतात. ५०० चे घ्या, दोन हजारांचे घ्या, असे. बॉटचे आकडे बऱ्याचदा विचित्र आणि एकसारखे विखुरलेले असतात. अमेरिकेच्या ‘एनबीईआर’ या संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात संशोधकांनी अशा खुणा वापरूनच, नियमनाबाहेरील एक्स्चेंजवर सरासरी ७० टक्क्यांहून अधिक उलाढाल बनावट असल्याचा अंदाज काढला होता. रात्री तीन वाजताही दीड-दोन मिनिटांनी नेमाने व्यवहार होत असतील आणि शेकडो व्यवहारांनंतरही भाव जागचा हलत नसेल, तर घेणारा आणि देणारा एकच असण्याची शक्यता मोठी असते.

तिसरी गोष्ट म्हणजे धारकांची यादी. पहिल्या दहा पाकिटांत एकूण टोकनपैकी किती आहेत आणि त्या पाकिटांत पहिले पैसे कुठून आले, हे ब्लॉकचेनवर दिसते. १५-२० पाकिटांना एकाच पाकिटातून, एकाच दिवशी पैसे गेले असतील, तर ती एकाच घरची आहेत असे समजावे.

या खुणांना मर्यादा आहेत. हुशार बॉट व्यवहारांच्या रकमा आणि वेळा मुद्दाम वेड्यावाकड्या करतो, कधीकधी गोल आकडेही मिसळतो. त्यामुळे खूण सापडली तर दूर राहावे, पण खूण सापडली नाही म्हणून टोकन स्वच्छ ठरत नाही. विक्रीचाही पडताळा घ्यावा लागतो. काही टोकनच्या प्रोग्रॅममध्येच अशी सोय असते, की खरेदी कुणालाही करता येते आणि विक्री फक्त मालकाला.

पैसे गेल्यावर काय करता येते?

तोट्याबरोबर कराचाही फटका बसतो, हे अनेकांना उशिरा कळते. टोकनच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका टोकनमधील तोटा दुसऱ्या टोकनच्या नफ्यातून वजा करता येत नाही. समजा, एका टोकनमध्ये १४ हजार मिळाले आणि दुसऱ्यात २० हजार गेले. एकूण सहा हजारांचा तोटा झाला, तरी १४ हजारांवर ४,२०० रुपये कर आणि वर उपकर भरावाच लागतो.

तक्रारीसाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आणि cybercrime.gov.in हे संकेतस्थळ आहे. कर्जत, नेरळ, खोपोली आणि खालापूर ही पोलीस ठाणी रायगड जिल्हा पोलिसांच्या अखत्यारीत येतात. तिथेही तक्रार देता येते. तक्रार जितकी लवकर, तितकी बँकेतील रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक. सोबत टोकनचा कॉन्ट्रॅक्ट पत्ता, आपल्या आणि समोरच्या पाकिटाचे पत्ते, व्यवहारांचे क्रमांक आणि ग्रुपमधील संदेशांचे स्क्रीनशॉट द्यावेत. ग्रुप बंद होण्याआधीच ते काढून ठेवलेले बरे.

यात सर्वात मोलाचा पुरावा सहसा ब्लॉकचेनवर नसतो. युएसडीटी घेण्यासाठी सुरुवातीला कुणाच्या तरी खात्यावर यूपीआयने रुपये पाठवलेले असतात. त्या व्यवहाराचा यूपीआय क्रमांक तक्रारीत सर्वात वर लिहावा, कारण या संपूर्ण साखळीत खरे नाव, बँक आणि केवायसी यांच्याशी जोडलेला बऱ्याचदा तो एकमेव दुवा असतो.